हळदीचा रंग, कोबीचा रंग: नैसर्गिक दर्शकांची पार्श्वभूमी

गोव्यातील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात नैसर्गिक दर्शकांवर, म्हणजे पदार्थ आम्ल आहे की आम्लारी हे रंग पालटून सांगणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांवर, बोलणारा विद्यार्थी बहुधा लाल कोबीपासून सुरुवात करतो, कारण त्याचे रंग नजरेत भरतात; माझ्या मते मात्र सुरुवात हळदीपासून व्हायला हवी. हळदीत चुना मिसळून लाल कुंकू करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि त्या कुंकवाची लाली म्हणजे चुन्यासारख्या आम्लारीमुळे हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यात होणारा बदलच होय.

मात्र रंग पालटतो हे ठाऊक असणे वेगळे आणि त्या बदलाचा कसोटी म्हणून वापर करणे वेगळे. हे दुसरे पाऊल रॉबर्ट बॉईल यांनी १६६४ मध्ये रंगांविषयीच्या आपल्या ग्रंथात टाकले. व्हायोलेट फुलांचा निळा पाक आम्लाने तांबडा आणि आम्लारीने हिरवा होतो, हे दाखवून त्यांनी अनोळखी पदार्थाचा वर्ग त्यावरून ठरवता येईल असे मांडले. आम्लतेचे माप आकड्यात सांगणारी पीएच श्रेणी मात्र फार उशिरा, १९०९ मध्ये, डेन्मार्कचे सोरेन्सेन यांनी मांडली.

त्या श्रेणीत ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर आम्लारी; तिच्यावर पाहिले की हळदीची मर्यादा लगेच कळते. कर्क्युमिन सुमारे ७.४ ते ८.६ या पट्ट्यात पिवळ्याचे तांबूस होते. त्याखाली सर्वत्र ते पिवळेच राहते. हळदीची एक पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवली की ती तांबूस होते आणि तिच्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते. पण दुसऱ्या कोऱ्या पट्टीवर लिंबाचा रस घाला किंवा साधे पाणी घाला, ती दोन्ही वेळा पिवळीच दिसते. म्हणजे हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल आणि उदासीन पदार्थ यांत फरक करू शकत नाही. ही उणीव लाल कोबीतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य भरून काढते: लिंबात ते गुलाबी-लाल, साध्या पाण्यात जांभळे, खाण्याच्या सोड्यात निळसर आणि तीव्र आम्लारीत हिरवे, पुढे पिवळे होते. आपल्या भिरंडाच्या सालीचा लाल रंगही याच कुळातील द्रव्याचा आहे, म्हणून कोबी मिळाला नाही तर गोव्यातील मुलांनी तीही वापरून पाहावी. मात्र भिरंड मुळातच फार आंबट असल्याने अर्क आधीच लाल असतो आणि रंग पालटायला आम्लारी अधिक लागते.

तयारी करताना दोन गोष्टी जपाव्यात. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पट्ट्यांसाठी हळद शिक्षकांच्या देखरेखीखाली स्पिरिटमध्ये कालवावी आणि पट्ट्या उन्हात न ठेवता सावलीत वाळवाव्यात, कारण उन्हाने हा रंग उडतो. कोबीचा अर्क दमट हवेत लवकर आंबतो. तो साध्या पाण्यातही जांभळ्याऐवजी लालसर दिसू लागला, तर आंबण्यातून आम्ल तयार झाले असे समजावे आणि प्रदर्शनाच्या सकाळी ताजा अर्क काढावा.