"टक्के तुम्हीच टाका" म्हणण्याआधी हे वाचा

आमच्याकडे रेझ्युमे करायला येणाऱ्या, 10-20 वर्षं नोकरी झालेल्या लोकांसाठी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात येणारे बहुतेक जण मकरपुरा, वाघोडिया, हालोल, सावली या बाजूला नोकरी करतात. कामात पक्के असतात, पण रेझ्युमे सात-आठ वर्षांपूर्वीचा असतो आणि त्यात प्रत्येक ओळ "रिस्पॉन्सिबल फॉर" ने सुरू होते. मग म्हणतात, "हल्ली अचिव्हमेंट लिहितात ना, तसं करून द्या, टक्के तुम्हीच टाका काहीतरी, वीस-तीस."

ते आम्ही टाकत नाही. आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, तुमचा पण आणि आमचा पण. आकडा नसला की पहिली बैठक फुकट जाते, मग माणूस घरी जाऊन आठवतो, कुणाला तरी फोन करतो, आठवडा निघून जातो आणि तोवर ज्या जागेसाठी घाई होती ती भरलेली असते.

आधी फरक नीट समजून घ्या. "मशीन मेन्टेनन्सची जबाबदारी" हे तुमच्या पोस्टचं वर्णन झालं, तुमच्या जागी दुसरा कुणी असता तरी हीच ओळ लिहिली असती. वाचणाऱ्याला हवं असतं की तुम्ही तिथे होता म्हणून काय बदललं. म्हणून ओळीत तीन गोष्टी लागतात, काय केलंत, किती फरक पडला, आणि कशामुळे पडला. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.

एक केस सांगते, त्यांना विचारूनच. प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मेन्टेनन्सला असलेले गृहस्थ, 16 वर्षांचा अनुभव. रेझ्युमेत ओळ होती, "रिस्पॉन्सिबल फॉर प्रिव्हेन्टिव्ह अँड ब्रेकडाउन मेन्टेनन्स ऑफ मोल्डिंग मशिन्स." मी विचारलं ब्रेकडाउन कमी झाले का, तर म्हणाले हो खूप. खूप म्हणजे किती? ते काही सांगता येईना. पण ब्रेकडाउन रजिस्टर तेच भरत होते! म्हटलं दोन वर्षांचे महिन्याचे एकूण तास काढून आणा, आणि सारखेच महिने घ्या, कारण पावसाळ्यात लाइट जाते, ट्रिपिंग होतं, तेव्हा पावसाळ्याची तुलना हिवाळ्याशी केली तर आकडा उगाच चांगला दिसतो.

त्यांनी एप्रिल ते सप्टेंबर 2022 आणि 2023 मधले तेच सहा महिने काढले. आधी महिन्याला सरासरी 42 तास मशीन बंद, नंतर 24. म्हणजे 18 तास कमी, 42 मध्ये 18 म्हणजे 43 टक्के. ते खूश, लिहून टाका म्हणाले.

मी विचारलं, मधल्या काळात मशीन तेवढीच होती का? तर दोन जुनी मशीन भंगारात काढलेली, 14 ची 12 झाली, आणि त्या दोघांचेच महिन्याला 8 तास जात होते. ते 8 तास काही मेन्टेनन्सने वाचवले नाहीत, ते मशीन गेली म्हणून गेले. उरलेल्या 12 मशीनचं बघितलं तर आधी 34, आता 24, म्हणजे 10 तास, 29 टक्के. त्यांचा चेहरा जरा उतरला, साहजिक आहे. पण समोर प्लांटचा माणूस बसला असेल तर "मशीन किती होती" हे तो विचारणारच, तेव्हा 43 कोसळतात आणि 29 उभे राहतात.

आता कशामुळे? रजिस्टर परत बघितल्यावर कळलं की दुरुस्तीला वेळ कमीच लागत होता, जास्त तास स्पेअर येण्याची वाट बघण्यात जायचे. हीटर बँड जळला, सील किट फुटलं, थर्मोकपल गेलं, आणि स्टोअरमध्ये नाही. यांनी नेहमी लागणाऱ्या 11 स्पेअरचा किमान साठा ठरवून घेतला आणि हायड्रॉलिक ऑइलचे फिल्टर बदलायची तारीख बांधून दिली. हे त्यांना सांगण्यासारखंच वाटत नव्हतं, "ते तर कामच होतं" म्हणे. तीच त्यांच्या रेझ्युमेतली सगळ्यात चांगली ओळ निघाली:

"रिड्यूस्ड ब्रेकडाउन ऑन 12 मोल्डिंग मशिन्स फ्रॉम 34 टू 24 अवर्स अ मंथ, बाय सेटिंग मिनिमम स्टॉक फॉर 11 स्पेअर्स अँड फिक्सिंग ऑइल-फिल्टर शेड्यूल."

टक्के लिहिलेच नाहीत बघा. 34 चे 24 लिहिलं की वाचणारा टक्के स्वतः काढतो आणि त्याला खरं वाटतं.

सुरुवातीच्या क्रियापदाबद्दल. रिड्यूस्ड, निगोशिएटेड, ट्रेन्ड, सेट अप, हे चालतात कारण त्यात तुम्ही काय केलं ते दिसतं. "लेड" मात्र जपून. टीम दुसऱ्याच्या हाताखाली होती आणि तुम्ही त्यात होता तर तुमच्या वाट्याचं जे काम होतं त्याचं क्रियापद घ्या. ट्रायल तुम्ही घेतल्या असतील तर टेस्टेड, ड्रॉइंग केलं असेल तर डिझाइन्ड. लहान पण पक्का शब्द. संपलेलं काम भूतकाळात, सध्या रोज चालू आहे ते वर्तमानात, आणि "आय" कुठेच नको.

सगळ्याच कामाला आधी-नंतरचा आकडा मिळत नाही हेही खरं. ॲडमिन, अकाउंट्स, एचआर वाल्यांना हे जास्त जाणवतं. तिथे कामाचं माप द्या, किती जणांचा पगार, किती वेंडर, महिन्याला किती बिलं, ऑडिटला किती त्रुटी निघाल्या. रजिस्टर मिळत नसेल आणि अंदाजच असेल तर कमी बाजूचा घ्या, "सुमारे" लावा, आणि तो कसा काढला ते आमच्या कागदावर लिहून ठेवा, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री तोच उपयोगी पडतो. कंपनीची उलाढाल किंवा खरेदीचे भाव बाहेर सांगायचे नसतील तर रुपयांऐवजी टक्के. आणि कृपा करून रजिस्टरचे फोटो काढून आम्हाला पाठवू नका, ते कंपनीचे कागद आहेत. बेरीज स्वतःच्या हाताने वहीत लिहून आणा, तेवढं पुरतं.

प्रत्येक ओळ अचिव्हमेंट करायची गरज नाही. आत्ताच्या नोकरीला वर एक ओळ, प्लांट केवढा, हाताखाली किती जण, आणि खाली पाच-सहा अशा ओळी. त्याआधीच्या नोकरीला दोन-तीन. दहा वर्षांपेक्षा जुनं असेल तर एखादी ओळ बास, ट्रेनी असताना काय केलं ते आता कुणी विचारत नाही.

लोक विचारतात दोन बैठका कशाला, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तासाभरात होतो. होतो, तो टाइप करून देतो आणि टायपिंग हवं असेल तर तिथेच जा, स्वस्त पडेल. आमच्याकडे पहिली बैठक पाऊण तासाची, त्यात फक्त प्रश्न. दुसरीत तयार ओळी समोर ठेवून मी तुम्हाला प्रत्येक आकड्यावर "कसं काय?" विचारते, आणि ज्याचं उत्तर येत नाही ती ओळ काढून टाकतो किंवा बदलतो. फी दोन्ही बैठकांची मिळून एकच आहे, आणि पुढच्या सहा महिन्यांत जागेप्रमाणे ओळी वरखाली करायच्या असतील तर त्याचे वेगळे घेत नाही.

येताना जुना रेझ्युमे, गेल्या दोन-तीन अप्रेझलचे कागद घरी असतील तर ते, ज्या जागेसाठी अर्ज करायचाय तिची जाहिरात, आणि वहीच्या एका पानावर तुम्ही आल्यानंतर बदललेल्या तीन गोष्टी, त्यापुढे आधी किती आणि आता किती. तिसरी गोष्ट सुचली नाही तर दोनच आणा, तिसरी बैठकीत निघते. फोन संध्याकाळी 5 नंतर करा, रविवारी सकाळीही चालू असतो कारण शिफ्टवाल्यांना तेव्हाच जमतं.