चुकीचा रिचार्ज आणि पाच दिवसांचा नियम

"चुकीच्या नंबरवर रिचार्ज झाला, तर बँकेत तक्रार केली की पाच दिवसांत पैसे परत येतात ना?"

नाही. हा नियम अडकलेल्या व्यवहारासाठी आहे. समजा, ऐरोलीतल्या एका काकूंनी 1 तारखेला यूपीआयने 299 रुपये भरले. खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराच्या किंवा ॲपच्या बाजूला पैसे मिळाल्याची नोंदच झाली नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार ते 6 तारखेपर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे रोज 100 रुपये भरपाई, तीही न मागता. ती बुडवली जाते तेव्हा चीड येते. यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, देऊन बँकेकडे लेखी मागाच.

पण काकूंचा एक आकडा चुकला आणि रिचार्ज कळव्यातल्या कुणाच्या चालू नंबरवर पडला, तर बँकेच्या लेखी व्यवहार यशस्वी झाला. तिथे हा नियम लागत नाही. ताबडतोब मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवा. प्लॅन वापरात यायच्या आत कळवलं तर थोडी आशा असते, पण परतावा कंपनीच्या मर्जीवर. नंबर बंद असेल तर रिचार्ज बहुधा फसतो आणि पैसे परत येतात.