टीडीएस कपात आणि बिलाचा ताळमेळ

स्वतंत्र व्यावसायिकाचे बिल चुकते करताना ग्राहक त्यातून आयकर कापून उरलेले पैसे पाठवतो, म्हणून बँकेत जमा झालेली रक्कम बिलापेक्षा कमी भरते. ही उगमस्थानची करकपात, म्हणजेच टीडीएस. कापलेला पैसा म्हणजे ग्राहकाला दिलेली सूट नव्हे; तो व्यावसायिकाच्या पॅनवर सरकारजमा व्हायला हवा.

एक उदाहरण घेऊ. म्हापशातल्या एका इंटिरियर डेकोरेटरने ऑगस्ट 2025 मध्ये कळंगुटच्या हॉटेल कंपनीला 60,000 रुपये फी आणि 18 टक्के जीएसटी 10,800, असे 70,800 रुपयांचे बिल दिले. तेव्हाच्या 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 194J नुसार अशा फीवर, वर्षाकाठी ती 50,000 च्या वर गेल्यास, 10 टक्के कपात होते. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर कपात फक्त फीवर करायची. म्हणजे 6,000 कापून 64,800 यायला हवेत.

आले मात्र 63,720. हॉटेलच्या अकाउंटंटने पूर्ण 70,800 वर दहा टक्के धरले होते. ही चूक फार सर्रास होते. मग वरचे 1,080 रुपये कोणाकडे मागायचे? याचे उत्तर आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म 26AS मध्ये मिळते. तिथे रक्कम 70,800 आणि कर 7,080 दिसला, तर जादा पैसाही सरकारकडे पोचला आहे. स्वतःच्या आयकर विवरणपत्रात पूर्ण 7,080 चे श्रेय घ्यावे, उत्पन्न मात्र 60,000 च दाखवावे. तिथे 6,000 च दिसले, तर 1,080 हॉटेलकडे अडकले आहेत आणि ती खरी थकबाकी आहे.

ही नोंद लगेच दिसत नाही. ऑगस्टची कपात 7 सप्टेंबरपर्यंत भरायची असते, पण कोणाच्या नावावर किती, हे हॉटेल जुलै–सप्टेंबरच्या तिमाही विवरणपत्रात सांगते. त्याची मुदत 31 ऑक्टोबर. त्यानंतर पंधरा दिवसांत कपातीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 16A, हॉटेलकडून मिळायला हवा. नोव्हेंबर उलटूनही नोंद नसेल तर बहुधा पॅनचे एखादे अक्षर चुकलेले असते किंवा विवरणपत्रच भरलेले नसते. दोन्ही दुरुस्त्या हॉटेललाच कराव्या लागतात, म्हणून पाठपुरावा लेखी करावा. कापलेला कर कायद्याने पुन्हा व्यावसायिकाकडून वसूल करता येत नाही, पण नोंदीशिवाय श्रेय अडकते. कपातीचा तपशील असलेला हॉटेलचा ईमेल तेव्हा कामी येतो.

स्वतःच्या वहीत बँकेत आलेली रक्कम हेच उत्पन्न धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. कपात बरोबर झाली असती तर 64,800 बँकेत, 6,000 टीडीएस येणे, आणि समोर 60,000 फी व 10,800 देय जीएसटी अशी नोंद झाली असती. ग्राहकाने कितीही कापले तरी जीएसटी पूर्ण 10,800 च भरावा लागतो.