डिस्चार्जला झालेल्या विलंबाच्या तक्रारीस मुद्देनिहाय उत्तर

महोदय,

आपली लेखी तक्रार मिळाली. वॉर्डची नोंदवही, बिलिंगच्या नोंदी आणि विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएकडून आलेले ईमेल तपासून हे उत्तर देत आहे. आपली इनग्विनल हर्नियाची शस्त्रक्रिया कॅशलेस सुविधेखाली झाली होती. सकाळी ९.३० वाजता सर्जनने डिस्चार्ज लिहिला आणि आपण सायंकाळी ६.३० वाजता बाहेर पडलात, म्हणजे पूर्ण नऊ तास गेले.

मुद्दा १ : विलंब विमा कंपनीमुळे झाला, हे आमच्या काउंटरवरील उत्तर.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. सर्जन दुसऱ्या शस्त्रक्रियेत असल्याने डिस्चार्ज समरीवर सही होण्यास १२.१० वाजले. वापरात न आलेली औषधे फार्मसीला परत करून अंतिम बिल तयार झाले आणि ते १.२० वाजता टीपीएकडे गेले. त्यांनी ३.०५ वाजता जाळीचा, म्हणजे मेशचा, स्टिकर आणि तिचे खरेदी बिल मागितले. हर्नियाच्या बिलासोबत ही दोन्ही कागदपत्रे मागितली जाणार हे आमच्या डेस्कला ठाऊक असते, तरीही ती आधी जोडली गेली नव्हती. ती ४.१५ वाजता पाठवल्यानंतर ५.४० वाजता मंजुरी आली आणि उरलेली ५० मिनिटे पावती व गेटपासमध्ये गेली. त्यामुळे नऊपैकी ५ तास ५० मिनिटे रुग्णालयाकडे जातात आणि ३ तास १० मिनिटे विमा कंपनी व टीपीए यांच्याकडे.

विमा नियामक प्राधिकरणाच्या (आयआरडीएआय) मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार, रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी देणे अपेक्षित आहे. ही मुदत डॉक्टरांनी राऊंडला ‘घरी जा’ म्हटल्यापासून सुरू होत नाही, आणि बहुतेक गैरसमज इथेच होतो. पुढे कधी अशी वेळ आल्यास बिल टीपीएकडे किती वाजता गेले एवढे बिलिंगमधून लिहून घ्यावे. जबाबदारी कोणाची हे त्या एका वेळेवरून ठरते.

मुद्दा २ : दुपारी दोननंतरचे अर्ध्या दिवसाचे खोलीभाडे.

तीन तासांपेक्षा जास्त विलंब झाल्यामुळे रुग्णालयाने वाढीव रक्कम आकारली, तर ती विमा कंपनीने सोसावी, असे हेच सर्क्युलर सांगते. परंतु येथे बहुतांश वेळ आमच्याकडे गेला असल्यामुळे हे भाडे विमा कंपनीकडे मागणे योग्य होणार नाही आणि आपल्याकडून घेणे तर मुळीच नाही. ते रद्द केले आहे. परताव्यासाठी मूळ पावती, रुग्णाच्या ओळखपत्राची प्रत आणि रद्द केलेला धनादेश बिलिंग विभागात द्यावा. दुसरी व्यक्ती येणार असल्यास रुग्णाच्या सहीचे अधिकारपत्र लागेल.

मुद्दा ३ : “मंजुरी येईपर्यंत जाता येणार नाही” असे सांगितले जाणे.

असे सांगणे चुकीचे होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेनुसार, बिलाच्या वादासारख्या प्रक्रियात्मक कारणासाठी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. आपण स्वतः रक्कम भरून निघण्याची तयारी दाखवली होती. तेव्हा ती रक्कम स्वीकारून कॅशलेस विनंती मागे घ्यायला हवी होती. अशा वेळी रुग्ण नंतर प्रतिपूर्तीचा दावा करू शकतो. त्यासाठी दाव्याचा अर्ज, डिस्चार्ज समरी, तपशीलवार अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल, औषधांची बिले चिठ्ठ्यांसह आणि इम्प्लांट असल्यास त्याचा स्टिकर ही कागदपत्रे लागतात. दावा पॉलिसीत दिलेल्या मुदतीत दाखल करावा. मात्र आधी मोठी रक्कम हाताशी लागते, त्यामुळे हा मार्ग प्रत्येकाला परवडेलच असे नाही.

मुद्दा ४ : मंजुरीतून वजा झालेली रक्कम.

ही कपात हातमोजे व तत्सम वस्तूंची असून त्या आपल्या पॉलिसीत देय नाहीत, असे मंजुरीपत्रात नमूद आहे. ती बदलण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. कपात मान्य नसल्यास प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मंजुरीपत्राची प्रत, पॉलिसी आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार अर्जासोबत जोडावा. आपल्या केसपेपरची प्रत हवी असल्यास वैद्यकीय अभिलेख विभागात अर्ज द्यावा. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार ती ७२ तासांत देणे बंधनकारक आहे.

मेशचा स्टिकर व खरेदी बिल शस्त्रक्रियेच्या दिवशीच टीपीए फाइलला लावण्याची लेखी सूचना ऑपरेशन थिएटर आणि बिलिंग विभागाला दिली आहे. समरीचा मसुदा आदल्या संध्याकाळी तयार ठेवण्याचाही विचार आहे. परंतु रात्रीतून रुग्णाची प्रकृती बदलू शकते, म्हणून त्यावर सही मात्र सकाळच्या तपासणीनंतरच होईल.

आपला,
वैद्यकीय प्रशासक