एका फोनवर घरचं आणि दुकानाचं इन्स्टाग्राम

आम्ही कुणाला दुकानाचं इन्स्टाग्राम खातं उघडून दिलं की दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, ‘माझं आधीचं खातं कुठे गेलं?’ ते कुठेही गेलेलं नसतं. इन्स्टाग्रामच्या एकाच ॲपमध्ये पाच खात्यांपर्यंत लॉगिन ठेवता येतं, पण समोर एका वेळी एकच दिसतं. खाली उजव्या कोपऱ्यातला आपला गोल फोटो दाबून धरा. खात्यांची यादी येईल, त्यातलं हवं ते निवडा.

प्रत्येक वेळी पासवर्ड मागत नाही, त्यामुळे कुठल्या खात्यात आहोत हेच विसरायला होतं. पैठणीच्या भावावरून घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला घरच्या खात्यातून उत्तर गेल्याचं आम्ही पाहिलंय. दोन्ही खात्यांना एकच फोटो लावू नका. दुकानाला बोधचिन्ह, घरच्याला चेहरा. पोस्ट टाकण्याआधी तो गोल एकदा बघायचा.

सूचना मात्र दोन्ही खात्यांच्या येत राहतात, आणि कोणत्या खात्याची ते सूचनेतल्या नावावरून कळतं. त्यांची सेटिंग खात्यागणिक वेगळी असते. घरच्या खात्याच्या सूचना बंद करायच्या असतील तर आधी त्या खात्यात जा, मग Settings मधल्या Notifications मध्ये बदल करा. दुकानाच्या खात्यात उभं राहून बंद केलंत, तर गिऱ्हाइकांच्या मेसेजची घंटाच वाजायची नाही. ‘ऑर्डर येत नाहीत’ अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच तपासतो.

आता खरी काळजीची गोष्ट. आमच्या एका ताईंनी साड्यांचे फोटो टाकायला दुकानातल्या मुलाला पासवर्ड दिला. दिवाळीनंतर तो काम सोडून गेला, पण त्याच्या फोनवर खातं तसंच चालू राहिलं. भर म्हणजे Settings मधल्या Accounts Centre मध्ये ताईंची दोन्ही खाती जोडलेली होती, आणि एका खात्याच्या लॉगिनने दुसरं उघडण्याची परवानगीही दिलेली होती. म्हणजे दुकानाची किल्ली दिली आणि तिनेच घरही उघडलं. त्याने काही वाकडं केलं नाही, हे ताईंचं नशीब.

आम्ही आधी ती परवानगी काढली. मग दुकानाचा पासवर्ड बदलला आणि बदलतानाच बाकीच्या फोनवरून बाहेर काढण्याच्या पर्यायावर खूण केली. Password and security मधल्या Where you're logged in या यादीत अनोळखी फोन उरला नाही ना, तेही पाहिलं. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून कोड ताईंच्याच नंबरवर येईल असं केलं. आता नवीन फोनवर लॉगिन करायचं तर कुणालाही कोडसाठी ताईंना विचारावं लागतं.

तुमचा स्वतःचा फोन कुलूप न लावता कुणाच्या हाती दिलात, तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. सगळी खाती आत उघडीच असतात.

एवढं सगळं करायचा कंटाळा असेल, तर फोन घेऊन आमच्या दुकानात या. पासवर्ड मात्र तुम्हीच टाइप करायचा. आम्हालाही सांगायचा नाही.