फेस स्वॅपचा व्हिडिओ विकायचाय? आधी मॉडेलच्या फाइलचं लायसन्स बघा

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक सांगतात की टूल ओपन सोर्स आहे, गिटहबवर एमआयटी लायसन्स लिहिलंय, मग अडचण काय? अडचण अशी की ते लायसन्स कोडचं असतं. चेहरा बदलतो तो कोडने नाही, कोडने लोड केलेल्या वेट्सच्या, म्हणजे ट्रेन झालेल्या मॉडेलच्या फाइलने, आणि त्या फाइलचं लायसन्स वेगळं असू शकतं.

सगळ्यात जास्त दिसणारं उदाहरण घ्या. inswapper_128.onnx ही फाइल इनसाइटफेस प्रोजेक्टची, roop नावाच्या फेस स्वॅप टूलपासून पुढची कितीतरी टूल्स हीच वापरत आलीत. इनसाइटफेसच्या README मध्ये दोन गोष्टी सरळ लिहिल्यात: कोड एमआयटी, व्यावसायिक वापराला मोकळा, पण ट्रेनिंग डेटा आणि त्यावर बनलेली मॉडेल्स फक्त बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी. म्हणजे एकाच पानावर परवानगी पण आहे आणि मनाई पण, आणि लोक पहिली ओळ वाचून थांबतात.

आता समजा तुम्ही तीस सेकंदांची जाहिरात घेऊन आलात, चेहरा आधीच बदललेला, आम्हाला फक्त फिनिशिंग करायचंय. आम्ही आधी विचारतो की कुठल्या कुठल्या फाइल लोड झाल्या होत्या, कारण स्वॅप एका मॉडेलने होत नाही. चेहरा शोधायला आणि ओळखायला बहुतेक वेळा buffalo_l चा संच असतो, तोही इनसाइटफेसचाच, त्याच अटीवर. मग स्वॅपर. त्याचा चेहरा फक्त 128 बाय 128 पिक्सेलचा येतो, मोठ्या स्क्रीनवर धूसर दिसतो, म्हणून वरून कोडफॉर्मरसारखं रिस्टोरर लावलं जातं आणि त्याचं एस-लॅब लायसन्सही बिगर-व्यावसायिकच आहे. म्हणजे या जाहिरातीत तीन जागा अडल्या, आणि नुसता स्वॅपर बदलून काम सुटत नाही.

कोडफॉर्मरऐवजी जीएफपीगॅन लावलं तर? त्याच्या रेपोवर अपाचे 2.0 आहे, बरं वाटतं. पण ते एफएफएचक्यू डेटासेटवर ट्रेन झालंय. त्यात फ्लिकरवरून घेतलेले 70,000 चेहरे आहेत, डेटासेट म्हणून एनव्हिडियाने तो सीसी बाय-एनसी-एसए 4.0 खाली दिलाय आणि आतल्या फोटोंची लायसन्स परत वेगवेगळी, काही फोटो स्वतःच बिगर-व्यावसायिक. डेटाची अट मॉडेलला लागते का यावर वकिलांचंही एकमत नाही, म्हणून असं काम आम्ही ‘क्लियर’ म्हणून सही करून देत नाही, ग्राहकाला लेखी कळवतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो.

फाइलचं नाव बघून मात्र विश्वास ठेवू नका. तीच फाइल नाव बदलून, fp16 म्हणजे कमी अचूकतेच्या आकड्यांत बदलून दुसऱ्याच कुणीतरी परत अपलोड केलेली असते आणि पानावर खुशाल एमआयटीचा टॅग लावलेला असतो. ज्याच्याकडे हक्कच नाही त्याने टॅग लावून हक्क तयार होत नाही. शंका आली की आम्ही आधी फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून मूळ फाइलशी जुळवतो:

```
sha256sum model.onnx
```

fp16 केलं असेल तर हॅश जुळणार नाही, तेव्हा फाइल नेट्रॉन या मॉडेलची रचना दाखवणाऱ्या टूलमध्ये उघडून इनपुट बघायचे. target ला 1×3×128×128 आणि source ला 1×512 दिसलं तर ती बहुधा इनस्वॅपरच आहे. आणि त्यावर आपला डेटा घालून फाइन-ट्यून केलं तरी पाया तोच राहतो, अट धुतली जात नाही.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. कलाकाराने चेहरा वापरायला सही केलीय ना, मग झालं की! नाही झालं. ती सही कलाकाराच्या चेहऱ्याची, मॉडेल बनवणाऱ्याची नाही. दोन्ही कागद लागतात.

मग मार्ग काय उरतो? एक म्हणजे मॉडेलच्या मालकाकडून व्यावसायिक लायसन्स घ्यायचं, इनसाइटफेसकडे त्यासाठी विचारणा करता येते. दुसरा, आम्हाला जास्त आवडणारा, डीपफेसलॅबसारख्या टूलमध्ये दोन्ही कलाकारांच्या, लेखी परवानगीने शूट केलेल्या फुटेजवर मॉडेल शून्यापासून ट्रेन करायचं. पण त्यातही प्रीट्रेन म्हणून, म्हणजे मॉडेलला आधी सर्वसाधारण चेहरे शिकवायला, मिळणारा चेहऱ्यांचा संच बऱ्याचदा एफएफएचक्यू किंवा सेलेबए चाच असतो, आणि सेलेबए ही फक्त बिगर-व्यावसायिक संशोधनासाठीच आहे, त्यामुळे तो वापरला तर आम्ही ‘क्लियर’ म्हणून सही देत नाही आणि सगळी मेहनत फुकट. प्रीट्रेन सोडलं की ट्रेनिंगला बराच जास्त वेळ जातो आणि सगळ्या कोनांतलं, वेगवेगळ्या लाइटमधलं फुटेज लागतं, हे शूटच्या आधीच ठरवावं लागतं. चेहरा शोधणारं मॉडेल इथेही तयारच घेतलेलं असतं, त्याचं लायसन्सही वेगळं बघायचं.

काम पाठवताना रेंडरसोबत टूलच्या models फोल्डरमधल्या फाइलची यादी, प्रत्येकीची डाउनलोड लिंक आणि डाउनलोडच्या दिवशीच्या लायसन्स पानाचा स्क्रीनशॉट जोडा. पानं नंतर बदलतात, कधी रेपोच गायब होतो, म्हणून स्क्रीनशॉट हवाच. लिंक आठवत नसेल तर फाइलच पाठवा, आम्ही तपासून घेऊ.