मोराच्या वाट्याला किती ज्यूल?

माझी भाची वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागली आहे. गेल्या आठवड्यात तिने सरावाचा एक प्रश्न माझ्यासमोर ठेवला. वनस्पतींनी २० ज्यूल ऊर्जा बांधून ठेवली असेल, तर ‘वनस्पती – उंदीर – साप – मोर’ या अन्नसाखळीत मोराला अन्न म्हणून किती ऊर्जा उपलब्ध होईल? पर्याय होते ०.२, ०.०२, ०.००२ आणि ०.०००२ ज्यूल. तिच्याकडच्या एका पुस्तकात उत्तर ०.०२ दिले होते, तर दुसऱ्यात ०.२. “गणित तर चौथीतले आहे, मग उत्तरे दोन कशी?” हा तिचा प्रश्न रास्त होता.

दहा टक्क्यांचा नियम सर्वांना शाळेपासून पाठ असतो. एका पोषण पातळीवरच्या ऊर्जेपैकी साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पातळीवर पोहोचते, एवढाच तो नियम. त्यानुसार वनस्पतींचे २० ज्यूल उंदरांकडे २ होतात, सापांकडे ०.२ आणि मोरांकडे ०.०२. आता प्रश्नातले ‘अन्न म्हणून उपलब्ध’ हे शब्द अक्षरशः घेतले, तर मोराचे अन्न म्हणजे साप, आणि सापांच्या शरीरात आहेत ०.२ ज्यूल. मोराने ते खाल्ल्यावर त्याच्या स्वतःच्या शरीरात जे साठून राहते ते ०.०२. प्रश्नकर्त्याला मोराच्या पातळीवरचा आकडा हवा असतो, म्हणून परीक्षेत ०.०२ हेच उत्तर लिहावे. पण दुसऱ्या पुस्तकाच्या लेखकालाही मी सरसकट चूक म्हणणार नाही. आकडा ताटातला आहे की अंगी लागलेला, हे न सांगता प्रश्न विचारला की असे होणारच.

अशा प्रश्नांत चूक होण्याच्या आणखी दोन जागा ठरलेल्या आहेत. पहिली चूक मोजण्यात होते. साखळीत नावे चार असतात, पण बाण तीनच असतात, आणि दहाने भागायचे ते बाणांच्या संख्येइतक्या वेळा. जो नावे मोजतो तो ०.००२ वर जाऊन थांबतो, आणि तो पर्याय त्याच्यासाठीच ठेवलेला असतो. दुसरी चूक सूर्यप्रकाशाच्या बाबतीत होते. ‘गवताळ प्रदेशावर १०,००,००० ज्यूल सौरऊर्जा पडली’ असे प्रश्नात म्हटले असेल, तर पहिल्या पायरीला दहा टक्के लागू होत नाहीत. पडलेल्या प्रकाशापैकी वनस्पती जेमतेम एक टक्का बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्याकडे १०,००० ज्यूल येतात आणि दहाचा भागाकार तिथून पुढे सुरू होतो. ‘पडली’ आणि ‘बांधून ठेवली’ या दोन क्रियापदांमुळे उत्तरात शंभर पटींचा फरक पडतो.

इथपर्यंतचे काम शिकवणीचे वर्ग करतातच. मला त्यापेक्षा अधिक रस आहे तो हे दहा टक्के येतात कुठून, या गोष्टीत, कारण निसर्गात कुठेही दहा टक्क्यांची मोजपट्टी बसवलेली नाही. एकामागून एक तीन चाळण्यांतून ऊर्जा खाली येते आणि त्या तिन्हींचा गुणाकार कधी दहाच्या आसपास, तर कधी त्यापासून फार दूर निघतो.

सोयीसाठी एका माळरानावर वर्षभरात १,००० किलोज्यूल ऊर्जेइतके गवत वाढले असे समजू. पहिली चाळणी तोंडाची. वाढलेले सगळे गवत कोणी खात नाही. गवताळ प्रदेशात साधारण चौथा हिस्सा शाकाहारी प्राण्यांच्या पोटात जातो, जंगलात पाच टक्केच जातो, कारण तिथली बरीचशी ऊर्जा लाकडात अडकलेली असते, आणि खुल्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींपैकी मात्र जवळजवळ निम्म्या खाल्ल्या जातात. आपल्या माळरानावर म्हणजे २५० किलोज्यूल खाल्ले गेले. उरलेले ७५० वाया जात नाहीत. ते वाळून जमिनीवर पडते आणि वाळवी, बुरशी व जिवाणू यांच्याकडे जाते. क्रमिक पुस्तकातल्या मनोऱ्यात विघटकांना एका कोपऱ्यात बसवलेले असते, पण प्रत्यक्षात गवताचा मोठा वाटा त्यांचाच असतो.

दुसरी चाळणी आतड्याची. गवतातले सेल्युलोज पचायला जड असते, त्यामुळे खाल्लेल्यापैकी चाळीसेक टक्के ऊर्जा शरीरात शोषली जाते आणि बाकीची शेण किंवा लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडते. २५० चे १०० राहिले. मांस पचायला सोपे असल्याने मांसाहारी प्राण्यांत हेच प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते.

तिसरी चाळणी श्वसनाची आणि खरी मेख हीच आहे. शोषलेली ऊर्जा प्राणी हालचालीत, शरीराच्या डागडुजीत आणि उबेत खर्च करतो. ती शेवटी उष्णता होऊन बाहेर जाते आणि उरते तेवढ्याचेच मांस, हाडे व पिल्ले होतात. ‘ऊर्जा नष्ट होते’ हा पर्याय म्हणूनच चूक असतो. ती नष्ट होत नाही, पुढच्या भक्षकाच्या उपयोगाची राहत नाही. नाकतोड्यासारखा कीटक शरीर गरम ठेवण्याच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे शोषलेल्या १०० पैकी चाळीसेक किलोज्यूल त्याच्या अंगी लागतात. तेच गवत उंदरासारख्या सस्तन प्राण्याने खाल्ले, तर त्याच्या छोट्याशा देहाची शेगडी दिवसरात्र पेटती ठेवण्यात १०० पैकी ९८ जातात आणि दोनच उरतात. मूळच्या १,००० वर हिशेब केला तर नाकतोड्यांच्या वाट्याला चार टक्के आले आणि उंदरांच्या वाट्याला ०.२ टक्के. दाणे खाणाऱ्या उंदराचे पचन गवत खाणाऱ्यापेक्षा चांगले असते, हे जमेस धरले तरी तो एक टक्क्याच्या आतच राहतो. प्रश्नपत्रिकेतल्या उंदराला वीस ज्यूलपैकी दोन ज्यूल मिळाले, ते त्याच्या कुवतीपेक्षा बरेच जास्त आहेत.

ऊर्जेकडे असे पातळ्यांच्या नजरेने पाहण्याची पद्धत रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडली. मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग नावाच्या लहानशा तळ्याचा त्याने अभ्यास केला होता. त्याचा शोधनिबंध परीक्षकांनी आधी नाकारला होता; १९४२ मध्ये तो छापून आला, तेव्हा लिंडमन हयात नव्हता. त्याच वर्षी, वयाची २७ वर्षेही पूर्ण होण्याआधी, तो वारला होता. त्याच्या तळ्यात उत्पादकांकडून पहिल्या भक्षकांकडे जाणारा वाटा सुमारे तेरा टक्के होता, तर पुढच्या पायरीवरचा वीस टक्क्यांच्या वर. ज्याचे नाव या नियमाला चिकटले आहे, त्याच्या स्वतःच्या आकड्यांतही नेमके दहा कुठे नाहीत.

मला मात्र सर्वांत गंमत वाटते ती फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यांची. हॉवर्ड ओडम यांनी तिथले मोजमाप १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. पाणवनस्पती आणि त्यांच्या पानांना चिकटलेले शेवाळ यांनी दर चौरस मीटरमागे वर्षाला २०,८१० किलोकॅलरी बांधल्या, आणि त्यांतल्या ११,९७७ श्वसनात स्वतःच खर्च केल्या. शाकाहाऱ्यांनी ३,३६८ शोषल्या, त्यांना खाणाऱ्यांनी ३८३ आणि सर्वांत वरच्या भक्षकांनी २१. टक्केवारी काढली तर पहिल्या पायरीला सोळा, दुसरीला अकरा, तिसरीला साडेपाच येते. आता हेच गणित डोळे झाकून दहा टक्क्यांनी करा. २,०८१, मग २०८ आणि शेवटी २०.८. मधले दोन्ही आकडे चुकले आणि शेवटचा जवळजवळ तंतोतंत जुळला. एका पायरीचा चढ दुसऱ्या पायरीच्या उताराने भरून निघाला, एवढाच त्याचा अर्थ. १९९५ मध्ये जलीय परिसंस्थांच्या ४८ प्रतिमानांचा एकत्र विचार झाला, तेव्हाही सरासरी दहाच्या जवळ आली, पण सुटे आकडे २ पासून २४ टक्क्यांपर्यंत विखुरलेले होते. सरासरी म्हणून दहा टक्के चांगले आहेत. एखाद्या विशिष्ट उंदराबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. ‘ऊर्जेचा पिरॅमिड’ हे शब्द इंटरनेटवर शोधले की अभ्यासाच्या आधी तांब्याचे पिरॅमिड विकणारे भेटतात, आणि ते कपाटावर ठेवल्याने घरातली ऊर्जा वाढते असे सांगतात. खऱ्या पिरॅमिडमध्ये ऊर्जा वर जाताना दर मजल्याला घटते आणि तो कधीही उलटा होत नाही. उलटा होऊ शकतो तो जैववस्तुमानाचा पिरॅमिड, कारण समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती इतक्या भराभर वाढतात आणि खाल्ल्या जातात, की कोणत्याही एका क्षणी त्यांचे वजन त्यांना खाणाऱ्यांपेक्षा कमी भरते. वास्तुतज्ज्ञांचा पिरॅमिड या दोन्हींत बसत नाही.

श्वसनाची हीच चाळणी अनुक्रमणाच्या, म्हणजे एका जागेवरचे सजीवांचे समुदाय क्रमाने बदलत जाण्याच्या, प्रश्नांतही लपलेली असते, हे फारसे कोणी सांगत नाही. उघड्या खडकावर आधी लायकेन (आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल याच गटातले), मग शेवाळी, गवत, झुडपे आणि शेवटी जंगल, हा क्रम मुलांना पाठ असतो. परीक्षेत पहिली प्रजाती म्हणून लायकेनच लिहावे. १९६३ मध्ये आइसलँडजवळ समुद्रातून वर आलेल्या सर्ट्से बेटावर मात्र दोनच वर्षांत किनाऱ्याच्या वाळूत फुलझाड सापडले आणि लायकेन त्यानंतर आले, कारण लाटांनी बिया आणून टाकल्या होत्या.

भाचीचा दुसरा अडलेला प्रश्न यातलाच होता: अनुक्रमणाच्या शेवटच्या, म्हणजे चरम, अवस्थेत संपूर्ण समुदायाचे निव्वळ उत्पादन कसे असते? तिने ‘सर्वाधिक’ हा पर्याय निवडला होता, कारण जंगल सर्वांत मोठे असते. पडीक शेतात पहिल्या काही वर्षांत उगवणाऱ्या तणांना सांभाळायला फारसा देह नसतो. पाने कमावतात आणि कमाईचा बराच भाग वाढीला लागतो. जुन्या जंगलातही पाने भरपूर कमावतात, पण तिथे जाड खोडे, खोलवर गेलेली मुळे, पाचोळ्यातली बुरशी आणि असंख्य प्राणी, या सर्वांचे श्वसन चालू असते. कमाई आणि खर्च जवळजवळ सारखे होतात. साठा, म्हणजे जैववस्तुमान, सर्वाधिक असतो, पण दरवर्षी त्यात पडणारी भर जवळजवळ शून्यावर येते. काही जुनी जंगले अजूनही थोडा कार्बन साठवताना आढळली आहेत, म्हणून ‘जवळजवळ’ हा शब्द गाळू नये. पर्यायांत ‘शून्याच्या जवळ’ असे लिहिलेले असेल, तर उत्तर तेच. भाचीने वहीत खोडले, पुन्हा लिहिले, आणि विचारले की मग मोर जंगलात राहत असेल तर त्याचे ०.०२ ज्यूल बदलतील का. पाच टक्क्यांची ती तोंडाची चाळणी आठवून मी तिला म्हटले की परीक्षेत नाही बदलणार, जंगलात नक्की बदलतील.